कांजिण्यांमुळे शाळेत गैरहजेरी: वर्गशिक्षकांना द्यायचे पत्र, दाखले आणि परतीची तारीख

मुलाला कांजिण्या झाल्यावर शाळेला द्यायचे पत्र हे नेहमीच्या रजेच्या अर्जासारखे नसते. ताप-सर्दीच्या रजेत मूल का आले नाही एवढे कळले की वर्गशिक्षकांचे काम भागते. कांजिण्यांच्या बाबतीत मात्र त्यांना आणखी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: वर्गातल्या इतर मुलांकडे केव्हापासून लक्ष ठेवायचे आणि या मुलाला पुन्हा वर्गात केव्हा बसू द्यायचे. दोन्हींची उत्तरे एकाच तारखेवर अवलंबून असतात, ती म्हणजे अंगावर पहिले पुरळ दिसल्याची तारीख. पालकांच्या बहुतेक पत्रांत नेमकी हीच तारीख नसते. 'मुलाची तब्येत बरी नसल्याने तो आठवडाभर येऊ शकणार नाही' या वाक्यावरून शाळेला काहीच ठरवता येत नाही, आणि 'अंगावर उठले आहे' असे मोघम लिहिले तर गोवर आहे, कांजिण्या आहेत की नुसती ॲलर्जी, हेही कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले आजाराचे नाव पत्रात स्पष्ट लिहावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पत्र आईने, वडिलांनी किंवा मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्या पालकाने स्वतःच्या सहीने द्यावे. आजी-आजोबांकडे राहून शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत शाळेच्या नोंदीत पालक म्हणून ज्यांचे नाव आहे, त्यांचीच सही असावी, नाहीतर दाखल्याच्या वेळी हरकत निघू शकते. पत्र वर्गशिक्षकांच्या नावे लिहावे. संसर्गजन्य आजाराची माहिती मुख्याध्यापकांपर्यंत जाणे आवश्यक असल्याने 'माहितीसाठी: मा. मुख्याध्यापक' अशी एक ओळ खाली जोडावी. निदान झाले त्याच दिवशी फोनवर किंवा संदेशाने कळवावे आणि कागदी पत्र सोयीनुसार एक-दोन दिवसांत पोहोचवावे. काही शाळांत दैनंदिनीतच रजेच्या अर्जाचे पान असते, पण त्या चार ओळींत ही माहिती बसत नाही, म्हणून वेगळा कागद जोडलेला बरा. संदेश वर्गशिक्षकांना स्वतंत्र पाठवावा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाच्या अंगावरील फोडांचे छायाचित्र टाकल्याने शाळेला काही उपयोग होत नाही, आणि मूल परत आल्यावर त्याला उगाच चिडवले जाते.

त्याच दिवशी कळवण्यावर एवढा भर देण्याचे कारण असे की कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो. म्हणजे मूल वरकरणी ठणठणीत असताना वर्गात बसून इतरांना आजार देऊन आलेले असते. वर्गात पूर्वी कांजिण्या न झालेल्या गरोदर शिक्षिका असतील, किंवा एखाद्या मुलाला प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असतील, तर त्यांना लगेच आपल्या डॉक्टरांना विचारावे लागते. लस न घेतलेल्या निरोगी मुलालाही संपर्क आल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते. ही लस सरकारी सार्वत्रिक लसीकरणात नसल्याने ती न घेतलेली मुले वर्गात असतातच. पत्र आठवड्याने पोहोचले तर ही संधी निघून गेलेली असते.

आता एक उदाहरण तारखांसह पाहू. चौथीतला एक मुलगा शनिवारी, ७ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळच्या शाळेत गेला होता. रविवारी, ८ तारखेला संध्याकाळी त्याच्या पाठीवर आणि पोटावर लाल पुळ्या दिसल्या आणि अंगात थोडी कणकण होती. सोमवारी सकाळपर्यंत काही पुळ्यांत पाणी भरले, आणि डॉक्टरांनी तपासून कांजिण्या असल्याचे सांगितले. पहिले पुरळ ८ तारखेचे, त्यामुळे ८ हा शून्य दिवस धरायचा, डॉक्टरांकडे गेलो तो ९ नव्हे. पुढचे तीन ते पाच दिवस नवे फोड टप्प्याटप्प्याने येत राहतात, म्हणून एकाच वेळी अंगावर पुळ्या, पाण्याचे फोड आणि खपल्या असे तिन्ही दिसते. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल संसर्गजन्य असते, आणि याला पहिल्या पुरळापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे १३ ते १५ फेब्रुवारी. १५ तारखेला रविवार आणि महाशिवरात्र आहे, त्यामुळे परतीची अपेक्षित तारीख सोमवार, १६ फेब्रुवारी अशी लिहिता येते. पत्र असे होईल:

प्रति,
मा. वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी 'ब'

विषय: कांजिण्यांमुळे गैरहजेरी व शाळेत परतण्याची अपेक्षित तारीख

महोदया,
माझा मुलगा (संपूर्ण नाव), हजेरी क्रमांक १७, यास कांजिण्या झाल्याचे निदान आज दि. ९ फेब्रुवारी २०२६ रोजी डॉक्टरांनी केले आहे. अंगावर पहिले पुरळ दि. ८ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी दिसले. त्यापूर्वी तो शनिवार दि. ७ फेब्रुवारी रोजी शाळेत उपस्थित होता. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत त्यास घरी ठेवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला असून तो सोमवार दि. १६ फेब्रुवारी रोजी शाळेत येईल अशी अपेक्षा आहे. त्या दिवसापर्यंत खपल्या न धरल्यास सुधारित तारीख दि. १४ रोजी कळवीन. त्याची धाकटी बहीण आपल्याच शाळेत पहिली 'अ' मध्ये आहे. तिला आज कोणतेही लक्षण नाही. मंगळवार दि. १७ रोजीच्या घटक चाचणीस तो उपस्थित राहू न शकल्यास चाचणी नंतर घेण्याची विनंती आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
(पालकाचे नाव, सही, दूरध्वनी क्रमांक)

माहितीसाठी: मा. मुख्याध्यापक

या पत्रातील शाळेत शेवटच्या उपस्थितीची तारीख अनेकांना अनावश्यक वाटेल, पण वर्गशिक्षिकांना सर्वात जास्त उपयोग तिचाच होतो. संपर्क आल्यानंतर कांजिण्या साधारण १० ते २१ दिवसांनी उठतात. शुक्रवार ६ आणि शनिवार ७ हे संसर्गाचे संभाव्य दिवस धरले, तर वर्गातल्या दुसऱ्या मुलाला आजार झालाच तर तो १६ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान दिसेल. तेवढे दिवस पुळ्या किंवा ताप असलेल्या मुलाकडे लक्ष ठेवायचे, हे शाळेला यावरून ठरवता येते. गंमत अशी की पहिला मुलगा बरा होऊन परततो तेव्हाच दुसरी फेरी सुरू होऊ शकते, आणि दोष मात्र 'त्याला लवकर पाठवले' म्हणून त्याच्या आईला मिळतो. पत्रात तारखा असतील तर असा गैरसमज जागच्या जागी दूर होतो.

धाकट्या बहिणीचा प्रश्न थोडा अवघड आहे. ती भावाबरोबर घरातच राहिल्याने तिचा संपर्क खपल्या धरेपर्यंत चालू राहतो, त्यामुळे १४ तारखेला शेवटचा संपर्क धरला तरी तिच्यावर ७ मार्चपर्यंत लक्ष ठेवावे लागते. लक्षण नसलेल्या भावंडाला सरसकट घरी ठेवण्याची सर्वसाधारणपणे गरज मानली जात नाही, पण तिच्या वर्गात नाजूक प्रकृतीचे मूल असेल तर मुख्याध्यापक वेगळा निर्णय घेऊ शकतात. म्हणूनच तिचा उल्लेख लपवू नये.

कागदपत्रांत डॉक्टरांची दोन प्रमाणपत्रे लागतात, आणि ती दोन वेगळ्या दिवशीची असतात. पहिले निदानाच्या दिवशीचे, ज्यात आजाराचे नाव आणि घरी राहण्याचा सल्ला असतो. दुसरे म्हणजे शाळेत परतताना द्यायचा तंदुरुस्तीचा दाखला. डॉक्टर ९ तारखेला 'हा मुलगा १६ तारखेला तंदुरुस्त असेल' असे प्रमाणित करू शकत नाहीत. त्यासाठी मुलाला पुन्हा दाखवावेच लागते. दोन फेऱ्या वाचवण्यासाठी पहिल्याच दिवशी पुढची तारीख घालून दाखला मागणारे पालक डॉक्टरांना अडचणीत टाकतात, आणि सावध शाळा असा दाखला परत करतात. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख आणि सही आहे ना हे तिथेच पाहून घ्यावे. डॉक्टरांनी मुलाच्या अंगावरील ओळखीची खूण विचारली तर गोंधळू नये, कारण भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार प्रमाणपत्र देताना अशी खूण नोंदवणे आणि प्रमाणपत्राची प्रत ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक केलेले आहे. दोन्ही कागदांची एक प्रत घरी ठेवावी. चौथीत तिची फारशी गरज पडणार नाही, पण दहावी-बारावीत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असते आणि सवलत मागताना हेच कागद पुढे करावे लागतात.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी एकदा नीट पाहावे. पोट-पाठीवरच्या खपल्या आधी धरतात आणि त्या पाहून मूल बरे झाले असे वाटते. केसांत, कानामागे, काखेत आणि जांघेत मात्र एखादा ताजा फोड राहून गेलेला असतो. खपली धरलेला डाग कोरडा, तपकिरी आणि कडक लागतो, तर ताज्या फोडाच्या आत पाणी चमकते. आपल्या उदाहरणात १४ तारखेला मुलाच्या केसांत दोन ताजे फोड दिसले असे समजा. मग त्याच दिवशी वर्गशिक्षिकांना कळवावे: 'दि. ९ च्या पत्रास अनुसरून कळविते की अद्याप दोन फोडांवर खपली धरलेली नाही. त्यामुळे मुलगा दि. १६ ऐवजी बुधवार दि. १८ रोजी, डॉक्टरांच्या दाखल्यासह येईल.' अशाने १७ तारखेची चाचणी बुडते, पण तिच्यासाठी मुलाला अंगभर बाह्यांचा सदरा घालून पाठवणे हा उपाय नव्हे. याउलट सर्व खपल्या धरल्यावर त्या गळून पडेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, मुलाला घरी ठेवण्याचीही गरज नाही. कोरड्या खपलीतून संसर्ग होत नाही, आणि शाळेने डागांकडे पाहून मुलाला परत पाठवले तर दाखला दाखवून हे नम्रपणे सांगावे. लस घेतलेल्या मुलाला सौम्य कांजिण्या झाल्या तर बऱ्याचदा फोडात पाणीही भरत नाही आणि खपलीही धरत नाही. अशा वेळी सलग २४ तास नवे पुरळ न येणे ही परतीची खूण धरतात, आणि पत्रात लस घेतल्याचा उल्लेख करावा लागतो.

आजार दुसरा असेल तर पत्राचा साचा तोच राहतो, फक्त दिवस मोजण्याची रीत बदलते. गोवरात पुरळ उठल्यानंतर चार दिवस आणि गालगुंडात गालाची सूज आल्यानंतर पाच दिवस मूल घरी ठेवतात. गोवराचा संशय असल्यास आरोग्य विभागाला कळवणे हे डॉक्टरांचे काम असते, त्यामुळे घरी किंवा शाळेत आरोग्य कर्मचाऱ्यांनी येऊन चौकशी केली तर पत्राची प्रत त्यांनाही दाखवता येते.