पार्श्वभूमी : बिलातली चूक नेमकी कुणाला सापडली?

एफएमईए म्हणजे कामात कुठे काय चुकू शकतं हे आधीच मांडून प्रत्येक चुकीला आकडे देणारा तक्ता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तो आला गाड्यांच्या सुट्या भागांच्या मागोमाग. त्याची सुरुवात १९४९ च्या अमेरिकी लष्करी कार्यपद्धतीत झाली. तिथून तो चांद्रमोहिमेत आणि सत्तरच्या दशकात मोटार उद्योगात गेला. पुढे वाहन कंपन्या पुरवठादाराकडे दर्जाचं प्रमाणपत्र मागू लागल्या आणि तक्ता फाउंड्रीच्या भिंतीवर लागला. तिथे तो कास्टिंगमधल्या ब्लोहोलसाठी आणि मशीनिंगमधल्या मापाच्या चुकीसाठी भरला जायचा. अकाउंट्सच्या टेबलावर तो येण्याचं कारण वेगळं आहे आणि ते कारण म्हणजे जीएसटी.

त्यासाठी आधीचा काळ आठवावा लागतो. केंद्रीय विक्रीकराच्या १९५६ च्या कायद्यात मुख्य प्रश्न एकच असायचा: विक्रीमुळे माल राज्याबाहेर गेला का? गेला तर सी फॉर्म, नाही तर स्थानिक व्हॅट. कोल्हापूरच्या पार्टीने कास्टिंग मागवलं, पण ‘आधी बेळगावातच अमक्या शॉपमध्ये मशीनिंगला टाका’ म्हणून सांगितलं, तर माल उद्यमबागेतून दोन गल्ल्या पलीकडे जायचा आणि बिल स्थानिक व्हायचं. बिल बनवणाऱ्याची नजर टेम्पो कुठे चालला याकडे असायची, आणि ती बरोबर होती.

१ जुलै २०१७ पासून हा व्यवहार उलटा झाला. माल खरेदीदाराच्या सांगण्यावरून तिसऱ्याकडे पोचवला, तर पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे सांगणाऱ्याचं मुख्य व्यवसायस्थान, असं आंतरराज्य जीएसटीच्या, म्हणजे आयजीएसटीच्या, कायद्याचं कलम १० सांगतं. टेम्पो बेळगावातून बेळगावातच गेला तरी बिलावर महाराष्ट्राचा २७ हा कोड आणि आयजीएसटी हवा. तीस वर्षं बिलं करणाऱ्या माणसाचा हात इथे चुकतो, तो निष्काळजीपणाने नाही. जुना नियम त्याला पक्का येतो म्हणून चुकतो. सीमेवर ही चूक जास्त होते, कारण गिऱ्हाईक पलीकडे आणि जॉबवर्क अलीकडे, किंवा बरोबर उलटं (माल शिनोळीला, बिल बेळगावच्या पार्टीला), हा इथला रोजचाच व्यवहार आहे.

आता एक बिल धरू. दोन लाखांचं कास्टिंग, कर १८ टक्के म्हणजे ३६ हजार. बिलावर १८ हजार सीजीएसटी आणि १८ हजार कर्नाटकचा एसजीएसटी लागला. कोल्हापूरच्या पार्टीला यातलं काहीच क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, मिळत नाही. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तिचा जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचा उतारा, तयार होतो. विक्रेत्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एकच, खरेदीदाराचं राज्य मात्र वेगळं, असं कारण देऊन त्यात हे बिल ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या गटात पडतं. मग फोन येतो आणि पेमेंट अडतं. क्रेडिट नोट काढून नवं बिल करावं लागतं. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरनंतर लक्षात आलं, तर क्रेडिट नोटचीही वाट बंद. मग आयजीएसटी आधी भरायचा आणि चुकून भरलेला कर परत मागायचा. व्याज लागत नाही, पण पैसा अडकून राहतो.

तक्त्यात प्रत्येक चुकीला १ ते १० मधले तीन आकडे देतात आणि त्यांचा गुणाकार करतात. या चुकीचे आकडे कसे पडतात ते पाहू. गांभीर्य ७ आणि शक्यता ४, यावर सहसा वाद होत नाही. वाद होतो तिसऱ्या आकड्यावर, ‘डिटेक्शन’वर.

‘डिटेक्शन’ हा शब्दच मुळात फसवा. आकडा जितका मोठा तितकी चूक सापडणं अवघड: १ म्हणजे हमखास सापडणार, १० म्हणजे सापडणारच नाही. शॉपफ्लोअरवर हे अंगवळणी पडलंय, पण अकाउंट्समध्ये ‘डिटेक्शन नऊ’ ऐकून ‘अरे वा’ म्हणणारे मी पाहिलेत. त्याला ‘निसटण्याचा आकडा’ म्हटलं असतं तर निम्मे घोटाळे टळले असते, असं मला वाटतं.

खरी गुंतागुंत त्याच्याही पुढे आहे. अकाउंट्सवाले म्हणतात, ही चूक ई-इनव्हॉइसचं, म्हणजे बिलं नोंदवायचं सरकारी, पोर्टल पकडतं, शिवाय २बीत दिसतेच. म्हणून ३ लिहा. सात गुणिले चार गुणिले तीन, म्हणजे ८४. त्याच तक्त्यात ‘सुधारित दर बिलात न चढणं’ ही चूक ५, ६ आणि ४ घेऊन १२० वर बसलेली असते. शंभरच्या वर असेल तेच हाती घ्यायचं, अशी बऱ्याच ठिकाणची रीत. म्हणजे दराची चूक दुरुस्तीला जाते आणि कराची चूक वहीतच राहते.

दर्जा विभागाचं म्हणणं वेगळं, आणि मला तेच पटतं. हा आकडा माल, इथे बिल, गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधीच्या तपासणीबद्दल आहे. २बी पार्टीच्या लॉगिनवर दिसतो. कास्टिंगमधलं ब्लोहोल गिऱ्हाइकाच्या लेथवर उघडं पडलं, तर आपण त्याला ‘सापडलं’ म्हणत नाही, ‘परत आलं’ म्हणतो. राहिलं पोर्टल. ते बिलातली विसंगती पकडतं: ठिकाण २७ टाकलं आणि कर मात्र सीजीएसटी-एसजीएसटी लावला, तर बिल नाकारतं. पण ठिकाणच चुकून कर्नाटकचं २९ टाकलं, तर कर त्याला जुळतो आणि बिल पास होतं. जुन्या सवयीने होणारी चूक बरोबर ही दुसरी आहे. शिवाय पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू झालं १ ऑगस्ट २०२३ ला. त्याहून लहान कारखान्याला ही चाळणीही नाही. तेव्हा आकडा ९ धरावा. गुणाकार २५२, आणि यादीतली जागा पहिली.

एकाच चुकीचा गुणाकार ८४ की २५२, हे एका शब्दाच्या अर्थावर ठरतं. त्या गुणाकारावर मोटार उद्योगातही कुरबुर होतीच. १ ते १००० मध्ये प्रत्यक्षात १२०च वेगळे गुणाकार येतात, आणि गंभीर पण दुर्मीळ चूक किरकोळ पण रोजच्या चुकीच्या खाली दबते. अमेरिकी आणि जर्मन मोटार उद्योगाच्या २०१९ च्या संयुक्त हस्तपुस्तिकेने गुणाकार सोडून उच्च, मध्यम, निम्न असा प्राधान्यक्रम आणला. त्यात गांभीर्याला आधी मान आहे. त्या कोष्टकातही कराच्या चुकीचा निसटण्याचा आकडा ३ धरला तर ती मध्यम येते, दराच्या चुकीच्या बरोबरीने. ९ धरला तर उच्च. म्हणजे कोष्टक बदललं तरी वाद तिथेच.

उपाय साधा निघतो: ठिकाण डिलिव्हरीच्या पत्त्यावरून न घेता खरेदीदाराच्या जीएसटीआयएनच्या पहिल्या दोन अंकांवरून आपोआप यावं, आणि बिलावरचं ठिकाण त्या अंकांहून वेगळं दिसलं तर बिल डिस्पॅचआधी थांबावं. शक्यता २ वर आणि निसटणं ३ वर येतं, गुणाकार ४२.

पण ही तपासणी एका ठिकाणी खोटी बोंब मारते. कोल्हापूरच्या पार्टीसाठी पॅटर्न बनवला, पैसे घेतले, पण पॅटर्न ढलाईसाठी फाउंड्रीतच राहिला. माल हललाच नाही, म्हणून पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक आणि कर सीजीएसटी-एसजीएसटी, अगदी कायद्याबरहुकूम. पार्टीचं क्रेडिट मात्र तसंच जातं, २बीत तोच शेरा येतो आणि फोनही तसाच येतो. बिलात चूक नाही, तरी गांभीर्य सातच. ही ओळ तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवायची, यावर उद्यमबागेत अजून दोन मतं आहेत.