षट्कोनी टेबलासाठी करवत किती अंशांवर लावायची?

आमच्या वखारीतून पट्ट्या नेऊन फोटोची चौकट किंवा छोटं टेबल घरीच करणाऱ्या ग्राहकांसाठी ही माहिती लिहिली आहे. लाकूड आम्ही रंधून, सरळ करून देतो. पुढचा तिरका काप मात्र बरेचजण स्वतः घेतात आणि नेमक्या त्याच कापात चांगली पट्टी वाया जाते.

अलीकडेच एक ग्राहक सागवानाच्या सहा पट्ट्या घेऊन परत आले. टेबल षट्कोनी करायचं होतं. शाळेतलं गणित त्यांना नीट आठवत होतं: षट्कोनाचा प्रत्येक आंतरकोन १२० अंश आणि कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला ६०. त्यांचा मायटर सॉ ६० पर्यंत वळेना, म्हणून त्यांनी लाकडी ठोकळ्याचा आधार करून तो कोन साधला. काप अगदी स्वच्छ आले होते. पण पट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर षट्कोन जुळेना. तीन पट्ट्यांतच त्रिकोण पुरा झाला.

त्यांचं गणित बरोबर होतं, फक्त करवतीवरची अंशांची मोजपट्टी तो कोन दुसऱ्या बाजूने मोजते. पातं पट्टीला काटकोनात असतं तेव्हा मायटर सॉवर ० दिसतो. करवत किती अंश वळली ते तो आकडा सांगतो. पट्टीच्या टोकाला किती कोन उरला ते नाही. टोकाला ६० अंश हवे असतील तर करवत ९० वजा ६०, म्हणजे ३० वर लावायची. त्यांनी ती ६० वर नेली, म्हणून टोकाला ३० उरले. अशी दोन टोकं भेटली की कोपरा ६० अंशांचा होतो आणि तो त्रिकोणाचा कोपरा.

हे वजाबाकीचं भान ठेवण्यापेक्षा सोपी वाट आहे. टेबलाला प्रदक्षिणा घाला. कडेकडेने चालत पुन्हा निघालो तिथे आलो की आपण पूर्ण ३६० अंश वळलेलो असतो, टेबलाला कोपरे कितीही असोत. षट्कोनात सहा वळणं, म्हणून प्रत्येक वळण ६० अंशांचं. ते वळण दोन पट्ट्या निम्मं निम्मं वाटून घेतात, म्हणून प्रत्येक काप ३० चा. थोडक्यात, १८० ला कोपऱ्यांच्या संख्येने भागायचं की करवतीचा आकडा मिळतो. चौकटीला ४५, पंचकोनाला ३६, अष्टकोनाला २२.५. त्रिकोणाला ६० येतात आणि तिथपर्यंत बहुतेक मायटर सॉ वळत नाहीत. तो काप आमच्याकडून करून घ्या.

फोटोची चौकट लांबट असली तरी कापात फरक पडत नाही, कारण चारही वळणं ९० चीच राहतात. चौकटीत घोळ होतो तो लांबीत. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत एका मिलिमीटरचाही फरक असला तर काप अचूक ४५ चे असूनही एखादा कोपरा उघडा राहतो आणि माणूस उगाच करवतीला दोष देतो. अशा वेळी त्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि टोकांवरून बोट फिरवा. फरक डोळ्यांआधी बोटाला कळतो.

षट्कोन लांबट हवा असेल, दोन बाजू मोठ्या आणि चार लहान, तर कोपरे १२० चेच ठेवा; काप ३० चाच राहील. कोपरेच वेगवेगळे असतील तर प्रत्येक कोपऱ्याचा हिशोब वेगळा: १८० मधून तो कोन वजा करून उरलेल्याचं निम्मं.

कापण्याआधी करवतीवरच्या दोन गोष्टी पाहा. पातं काटकोनात ठेवून आकडा वाचा. मायटर सॉवर ० असेल, पण काही टेबल सॉच्या मायटर गेजवर त्याच जागी ९० लिहिलेलं असतं. तिथे षट्कोनासाठी ६० वर लावायचं, काप तोच येतो. दुसरी गोष्ट, अनेक मायटर सॉवर ३० च्या अगदी शेजारी ३१.६ ची खाच असते. ती छताच्या कडेला लावायच्या नक्षीपट्टीसाठी आहे. घाईत करवत त्या खाचेत बसली तर हाताला ‘टक्’ असं नेहमीसारखंच जाणवतं आणि सगळे काप दीड अंशाहून जास्त चुकतात.

एक टेबल, मापांसह

समजा टेबल कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ९०० मिमी आहे. मधे १८ मिमी प्लाय आणि भोवती ७५ मिमी रुंद, तेवढ्याच जाडीची सागवानी पट्टी.

षट्कोनाची एक सोय अशी की त्याची बाजू या मोठ्या मापाच्या बरोबर निम्मी असते. म्हणून पट्टीची बाहेरची लांबी ४५० मिमी. आतली लांबी काढायला रुंदीला १.१५५ ने गुणून ते बाहेरच्या लांबीतून वजा करायचं: ७५ चे ८६.६, म्हणून आतली लांबी ३६३.४ मिमी. मधल्या प्लायची बाजूही तेवढीच. प्लायच्या समोरासमोरच्या दोन सरळ कडांमधलं अंतर ६२९.४ मिमी यायला हवं. प्लाय मात्र पट्ट्या कोरड्या जुळवून पाहिल्यानंतरच कापा, कागदावरच्या मापाने आधी नको.

या सहा पट्ट्यांना दहा फुटांची एक सरळ पट्टी पुरते. दोन्ही बाजूंनी रंधलेली असेल तर एक काप घ्यायचा, पट्टी उलटी करायची आणि पुढचा काप घ्यायचा. करवतीचा कोन हलवावा लागत नाही. उरलेल्या तुकड्यावर चाचणी करता येते. पट्टीला एका बाजूने खाच पाडलेली असेल, जशी फोटोच्या चौकटीत काचेसाठी असते, तर ती उलटता येत नाही. मग करवत डावीकडे ३० आणि उजवीकडे ३० अशी दोन्हीकडे वळवावी लागते आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

सगळ्या पट्ट्यांची लांबी सारखी यावी म्हणून करवतीच्या आधारफळीला एक ठोकळा आवळून बसवा आणि प्रत्येक पट्टी त्याला टेकवूनच कापा. पट्टी हाताने नुसती दाबून धरू नका, क्लॅम्प लावा. तिरकं पातं पट्टीला किंचित सरकवतं आणि ते डोळ्याला दिसत नाही.

अर्धा अंश कुठे जातो

षट्कोनात सहा जोड आणि बारा काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर चूक अर्धा अंश राहत नाही. बारा वेळा साठून ६ अंश होते. पाच जोड घट्ट बसवले की सगळी चूक सहाव्यात येते आणि या टेबलात तिथे ९ मिमीची फट दिसते. प्रत्येक काप फक्त ०.१ अंश चुकला तरी शेवटच्या जोडात १.८ मिमी उरतात. करवतीवरच्या रेषा एवढं बारीक दाखवू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

त्यापेक्षा खात्रीची परीक्षा ही: टाकाऊ लाकडाच्या त्याच रुंदीच्या, सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या कापा आणि चिकटपट्टीने जोडा. हा अर्धा षट्कोन. त्याची दोन मोकळी टोकं एका सरळ रेषेत यायला हवीत. त्यांना लोखंडी पट्टी लावा आणि उजेडाकडे धरा. टोकाच्या आतल्या कोपऱ्याशी पट्टी टेकली आणि बाहेरच्या बाजूला उजेड दिसला तर कोन कमी पडतो आहे, करवत थोडी वाढवा. उजेड आतल्या बाजूला असेल तर कोन जास्त झाला आहे. ७५ मिमीच्या पट्टीला दोन्ही टोकांशी एकेक मिलिमीटर उजेड म्हणजे प्रत्येक काप साधारण ०.२ अंश चुकलेला. करवत तेवढीच सरकवा आणि नवीन तीन पट्ट्या कापा. पातं करवतीच्या टेबलाशी काटकोनात उभं आहे का, तेही गुण्या लावून याच वेळी पाहा. नाहीतर जोड वरून मिटलेला आणि खालून उघडा राहतो.

खऱ्या पट्ट्यांनाही हीच युक्ती उपयोगी पडते. सहाही जोड एकदम चिकटवायला जाऊ नका. तीन-तीनचे दोन अर्धे भाग चिकटवा आणि वाळू द्या. राहिलेली सगळी चूक आता त्या सरळ रेषेत आलेली असते. धारदार रंध्याने दोन्ही भागांची टोकं सरळ करा, मग दोन अर्धे जोडा. रंध्याचे दोन हात फिरले की जोड असे मिटतात की नखही शिरत नाही.

तिरक्या कापावर लाकडाचे तंतू उघडे असतात आणि ते गोंद पिऊन टाकतात. पहिला पातळ हात द्या, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा. नुसत्या गोंदावर टेबलाचा जोड सोडू नका. प्रत्येक जोडात लाकडी खुंटी किंवा पातळ चीप घाला. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी फार चांगली, ती सगळ्या कोपऱ्यांवर सारखी ताणली जाते.

अचूक काप असूनही फट पडली तर

लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पट्टी वाळली की काप न बदलता कोन बदलतो. रुंदी २ टक्के कमी झाली, म्हणजे ७५ ची ७३.५ मिमी राहिली, तर ३० चा काप ३०.५ चा होतो. वर पाहिलेला अर्धा अंश असा करवतीला हात न लावता येतो. म्हणून उन्हाळ्यात फट आतल्या बाजूला दिसते आणि पावसाळ्यात पट्टी फुगली की बाहेरच्या. फट ऋतूबरोबर बाजू बदलत असेल तर चूक करवतीची नाही, लाकडाच्या ओलाव्याची आहे.

पट्टी जितकी रुंद तितकी ही फट मोठी. मधोमध मिळणाऱ्या सहा भरीव त्रिकोणी फळ्यांचं टेबल आम्ही याच कारणाने सुचवत नाही. तो आकार हवाच असेल तर त्रिकोण प्लायचे करून वरून व्हिनिअर लावा आणि भरीव लाकूड फक्त कडेला घ्या. पट्ट्या घरी नेल्यावर ज्या खोलीत टेबल राहणार आहे तिथे दोन आठवडे, खाली-वर हवा खेळेल अशा ठेवा, मग कापा. पावसाळ्यात नेलेल्या पट्ट्यांना जास्त दिवस द्या.

काप आमच्याकडून करून घ्यायचे असतील तर कोन सांगण्याची गरज नाही. किती कोपरे, पट्टीची रुंदी आणि दिलेलं माप बाहेरच्या कडेचं की आतल्या, एवढं लिहून आणा. फोटोच्या चौकटीसाठी काच सोबत आणा. खाचेचं माप आम्ही काचेवरून घेतो आणि लांबी-रुंदीत ३ मिमी मोकळीक ठेवतो. षट्कोनासाठी चाचणीच्या तीन पट्ट्या आम्ही आधी कापून लोखंडी पट्टीला लावून दाखवतो. तुमच्या लाकडाला पातं लागण्याआधी तो उजेड स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.