ओल्या पावलाचा ठसा आणि बुटांचा तक्ता

ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उभं राहायचं, पाय उचलायचा आणि मागे राहिलेला ठसा बघायचा. टाच आणि चवडा यांना जोडणारा पट्टा पूर्ण भरून आला तर पाय सपाट, पट्टा बोटभर उरला किंवा गायबच झाला तर कमान उंच. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला नाव देऊन उपवन तलावाच्या काठाने पळायला सुरुवात करणारे कितीतरी जण ही चाचणी घरीच उरकून येतात. पुढचा तक्ताही त्यांना पाठ असतो. सपाट पायाला आतून आधार देणारा ‘स्टॅबिलिटी’ बूट, फारच सपाट असेल तर त्याहून कडक ‘मोशन कंट्रोल’, आणि उंच कमानीला मऊ गादीचा ‘न्यूट्रल’.

हा तक्ता फार जुना नाही. 1970च्या दशकात अमेरिकेत हौशी पळणाऱ्यांची लाट आली आणि बुटांच्या तळात फोमची जाड गादी आली. गुडघे आणि नडग्या दुखायला लागल्या तेव्हा बोट रोखलं गेलं ते पाऊल आतल्या बाजूला कलण्यावर. त्यावर उपाय म्हणून 1980च्या दशकात गादीच्या आतल्या कडेला जास्त कडक फोमचा तुकडा बसवायला लागले. दुकानात बूट उलटा-सुलटा करून पाहिला तर कमानीखाली वेगळ्या, बहुतेक वेळा राखाडी रंगाचा जो पट्टा दिसतो, तो हाच. बूट तयार झाले, पण कुणाला कोणता द्यायचा हे ठरवायला काहीतरी सोपं माप हवं होतं. ओला ठसा सोपा होता, तो चिकटला.

खरा गुंता ‘प्रोनेशन’ या शब्दात आहे. पळताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेने टेकते, मग पाऊल आत कलतं, कमान थोडी दबते आणि धक्का पोटात घेते. त्यानंतर पाऊल पुन्हा ताठ होतं आणि जमिनीला रेटा देतं. हे आत कलणं म्हणजे प्रोनेशन, आणि ते प्रत्येक पायात असायलाच हवं. अडचण झाली ती त्याला ‘ओव्हर’ जोडल्यावर. किती अंशांपुढे ‘ओव्हर’ म्हणायचं, यावर तेव्हाही एकमत नव्हतं, आजही नाही. शिवाय ठसा उमटतो स्थिर उभं असताना आणि कलणं होतं धावताना. सपाट ठशाचा पाय पळताना फारसा कलत नाही, असंही दिसतं आणि उलटही दिसतं. तळव्याला मांस भरपूर असेल तर कमान बरी असूनही ठसा भरून येतो. तरीही ठाण्यातल्या दुकानात ट्रेडमिलवर दहा-पंधरा सेकंद पळवून, मागून मोबाइलवर व्हिडिओ काढून ‘तुम्हाला ओव्हरप्रोनेशन आहे’ असं सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, रक्ताचा रिपोर्टच हातात आला.

या तक्त्याची परीक्षा व्हायला बराच उशीर लागला, आणि ती झाली सैनिकी प्रशिक्षणात. खूण मात्र आधीच मिळाली होती. 1993मध्ये अमेरिकी पायदळाच्या नवशिक्या सैनिकांवरचा एक अभ्यास आला, त्यात सर्वांत सपाट पायांचे जवान सर्वांत कमी जायबंदी झाले होते. तक्ता मानणाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केला. मग 2010च्या आसपास त्याच देशाच्या तीन सैन्यदलांत थेट प्रयोग झाले. भरती झालेल्यांचे दोन गट केले. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार, म्हणजे तक्त्याप्रमाणे बूट दिले. दुसऱ्या गटात सगळ्यांना सरसकट स्टॅबिलिटी बूट दिले. प्रशिक्षण संपेपर्यंत दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. हा निकाल मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण सगळ्यांचा व्यायाम, जेवण आणि दिनक्रम एकसारखा होता.

डेन्मार्कमध्ये 927 नवख्यांना एकच न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पळू दिलं, तेव्हाही आत कलणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे. 2016मध्ये लक्झेंबर्गमधल्या 372 हौशी धावपटूंच्या अभ्यासात मोशन कंट्रोल बूट घालणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या आणि तो फायदा आत कलणाऱ्या पायांतच दिसला. त्यामुळे आधाराचे बूट निव्वळ थोतांड आहेत असं म्हणता येत नाही. ‘ठसा सपाट, म्हणून आधार हवाच’ ही साखळी मात्र तुटलेली आहे.

आमच्या पळणाऱ्यांच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. ठसा पूर्ण भरलेला, म्हणून तक्त्याप्रमाणे स्टॅबिलिटी बूट घेतला. तिसऱ्या किलोमीटरला कमानीखाली जळजळ व्हायची आणि तिथेच फोड यायचा. एका रविवारी तलावाच्या कट्ट्यावर बसवून आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. आधी त्यांना चवड्यांवर उभं केलं. कमान लगेच वर आली आणि टाच आत वळली, म्हणजे पाय सपाट असला तरी लवचीक होता. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीतही सपाट पायासाठी हीच खूण बघतात. मग घोट्याच्या आतल्या हाडाच्या पुढे, थोडं खाली जे हाडाचं टेंगूळ लागतं, त्यावर पेनाने ठिपका काढला. बसलेलं असताना शेजारी पुठ्ठा उभा धरून ठिपक्याची उंची आखली, उभं राहिल्यावर पुन्हा आखली. फरक निघाला 7 मिलिमीटर. साधारण 10 मिलिमीटरच्या पुढे गेला तर कमान जास्त खचते असं धरतात, अर्थात तीही ढोबळ रेषाच आहे. त्यात ताईंना आधी कधी नडगी किंवा गुडघा दुखल्याचं आठवत नव्हतं. बुटातला इनसोल काढून हात घातला, तर कडक फोमची कड फोडाच्या जागीच येत होती. पुढचा बूट त्यांनी न्यूट्रल घेतला, मधल्या भागात रुंद असलेला. दोन-तीन जोड घालून दुकानाबाहेर थोडं पळून बघितलं आणि ज्याची आठवणच राहिली नाही तो उचलला. फोड थांबले. त्यांची नडगी वरचेवर दुखत असती आणि फरक 13-14 निघाला असता, तर मी स्वतः त्यांना आधाराचाच बूट आधी घालून बघायला सांगितलं असतं.

उंच कमानीचं गणित वेगळं आहे. असा पाय बऱ्याचदा ताठ असतो, कमी दबतो आणि भार टाच, चवडा व बाहेरच्या कडेवर येतो. म्हणून गादी हवी, हा तक्त्याचा सल्ला वावगा नाही. पण फार जाड आणि लिबलिबीत गादीवर असा पाय बाहेरच्या बाजूला मुरगळतो, येऊरच्या डोंगरउतारावर तर हमखास. गादी हवी, पण टाचेखाली रुंद बूड असलेली. दुसरी तक्रार वरून येते. पावलाची पाठ उंच असल्याने लेस दाबते आणि बोटं बधिर होतात. लोक मोठ्या मापाचा बूट घेतात आणि टाच सुटते. त्याऐवजी जिथे दाब येतो तिथे लेस आडवी न घेता दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात ओवायची.

चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल, किंवा वर्षानुवर्षं बरा असलेला एकच पाय सपाट होत चालला असेल आणि आतल्या घोट्यामागे दुखत असेल, तर बुटाचं दुकान सोडून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. घोट्यामागून कमानीकडे येणारा आणि कमान तोलून धरणारा स्नायुबंध तिथे कमजोर होत असू शकतो, आणि ते ना ठशात दिसतं ना व्हिडिओत.