आधी उलट बाजू बघा: फोटोवरून कसुती कशी ओळखावी

काळ्या सुती कापडावर लाल आणि पांढऱ्या दोऱ्याने भरलेले एक गोपूर, खाली हत्तींची ओळ. असा फोटो पाहिला की बहुतेक जण त्या भरतकामाला लगेच ‘कसुती’ म्हणतात. नाव बरोबर असेलही, पण ते गोपुरावरून ठरवले असेल तर त्याला आधार कच्चा आहे. गोपूर छापता येते, मागावर विणता येते, यंत्रावर भरता येते. नक्षी एका कापडावरून दुसऱ्यावर सहज जाते. टाका तसा जात नाही, कारण तो हाताच्या सवयीत असतो आणि त्याच्या खुणा कापडावर उरतात. म्हणून आधी टाका बघावा, मग दोरा आणि कापड, आणि नक्षी शेवटी.

उत्तर कर्नाटकात, धारवाड-हुबळीच्या भागात रुजलेल्या आणि इरकलीच्या पदरावर दिसणाऱ्या कसुतीत चार टाके असतात. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. मुरगी म्हणजे तोच टाका, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखा वळत जाणारा. नेगी हा साधा धावदोरा असतो. लहानमोठ्या टाक्यांच्या ओळींनी तो विणकामाचा भास देतो. मेंथी म्हणजे फुली टाका, मेथीच्या दाण्यांसारखा. चारही टाके कापडाचे धागे मोजून घालतात, आधी नक्षी रेखून नव्हे. गोल रेघ काढायची झाली तर तीही पायऱ्या-पायऱ्यांनीच काढावी लागते. फोटोतल्या मोराची मान अखंड वळणाची असेल, तर ती गवंती नाही.

ओळखीसाठी सगळ्यात बोलका टाका गवंतीच. सुई आधी एक टाका वर, एक खाली असा पूर्ण मार्ग जाते. परतताना राहिलेल्या जागा भरते. त्यामुळे प्रत्येक रेघेवरून दोरा दोनदा जातो, एकदा सुलट बाजूने आणि एकदा उलट बाजूने, आणि दोन्हीकडे सारखीच नक्षी दिसते. मग फांद्या फुटलेली, चौकटी असलेली नक्षी अशी पूर्ण होईल याची खात्री काय? नक्षी झाडासारखी आहे असे धरा. एका फांदीच्या टोकापर्यंत जाऊन तिथूनच परत आलो, की त्या फांदीतला प्रत्येक टाका एकदा वर आणि एकदा खाली पडतो, कारण जाणे आणि येणे यांच्यामध्ये टाक्यांची संख्या नेहमी समच असते. बंद चौकट आली तर तिची एक कड जोडलेली नसून फांदीसारखी टोकापर्यंतच जाते असे समजायचे, की तीही झाडच होते. म्हणजे एकसंध असलेली कोणतीही नक्षी गाठ न मारता, उडी न घेता दोन्ही बाजूंना सारखी भरता येते. तुटक नक्षीत मात्र एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना मागे लांब दोरा पडतो, किंवा दोरा तोडून नव्याने सुरू करावा लागतो.

म्हणूनच उलट बाजूचा फोटो निम्मे काम करतो. दोन्हीकडे तीच बारीक रेघ असेल तर दुहेरी धावदोरा. पुढे तशीच रेघ, पण मागे दुप्पट लांब टाके एकमेकांवर चढून झालेली जाड, दोरखंडासारखी ओळ दिसली तर तो उलटी टीप टाका आहे. पुढून हे दोन जवळजवळ सारखे दिसतात. मागे दुसऱ्याच, बहुधा पांढऱ्या दोऱ्याचे जाळे असेल तर काम यंत्रावरचे, कारण यंत्राला खालचा दोरा वेगळा लागतो. मागे काहीच नसेल तर छपाईची शंका घ्यावी. विणलेल्या नक्षीत जादा दोरा बहुधा एकाच दिशेने, आडव्या धाग्यांबरोबर चालतो. हातकामात तोच दोरा आडवा येतो, उभा वळतो आणि तिरका निघतो. एक सावधगिरी: मेंथी आणि नेगी मागून पुढच्यासारख्या दिसत नाहीत. त्यामुळे मेंथीने भरलेला हत्ती मागून वेगळा दिसला म्हणून तो कसुतीतून वगळू नये.

हे दिसेल असा फोटो मात्र हवा. भरतकामाचा दोरा साधारण 0.3 मिलिमीटर जाड धरला आणि तो ओळखण्यासाठी त्याच्या जाडीवर फोटोचे निदान 6 ठिपके, म्हणजे पिक्सेल, यायला हवे असतील, तर दर मिलिमीटरला 20 ठिपके हवेत. 4000 ठिपके रुंद फोटोत मग 20 सेंटिमीटर कापडच मावते. त्याच फोटोत 5 मीटरची साडी घेतली, तर एका ठिपक्यात सव्वा मिलिमीटर येतो आणि दोरा नाहीसाच होतो. प्रकाश बाजूने, कापडाला लागून द्यावा. टाक्यांच्या सावल्या पडल्या की वरचा दोरा कुठला, खालचा कुठला ते कळते. शेजारी एक नाणे ठेवावे. फोटोत ते लंबगोल दिसले तर कॅमेरा तिरका होता.

नाण्याचा उपयोग आपल्या गोपुरावर बघू. समजा कापडात उभे धागे सेंटिमीटरला 24 आणि आडवे 20 आहेत, आणि प्रत्येक टाका 4 धाग्यांवरून जातो. आडवा टाका उभे धागे ओलांडतो, म्हणून तो सुमारे 1.7 मिलिमीटरचा भरतो. उभा टाका 2 मिलिमीटरचा. तिरकी रेघ मग 45 अंशांत न बसता 50 अंशांच्या आसपास उभी राहते. नाणे गोल आहे, आणि तरी सगळे आडवे टाके त्याच प्रमाणात आखूड आहेत, तर भरणाऱ्या हाताने धागे मोजले आहेत. छापील किंवा रेखलेल्या नक्षीत असे घडण्याचे कारण नसते. उलट, दोन्ही लांब्या सारख्या आल्या म्हणून हातकाम नाही असेही म्हणू नये. उभे आणि आडवे धागे सारखेच दाट असतील तर तसेच होणार. गुळगुळीत रेशमी किंवा जॉर्जेट कापडावर वर जाळी टाचून, तिची घरे मोजून टाके घालतात आणि नंतर जाळीचे धागे ओढून काढतात. तिथे टाके कापडाच्या धाग्यांशी किंचित तिरके दिसू शकतात. तो दोष नव्हे, जाळीची खूण आहे.

एवढे झाल्यावर कळते ते इतकेच, की हे हाताने मोजून घातलेले दुहेरी धावदोऱ्याचे काम आहे. ‘कसुती’ हे नाव अजून सिद्ध झालेले नाही, कारण युरोपातले जुने काळ्या दोऱ्याचे भरतकामही याच टाक्याने होते. ते पांढऱ्या लिननवर एकाच गडद रेशमाने केलेले असते. आपल्यासमोर गडद सुती कापड आहे, दोरे लाल-पांढरे आहेत. इथून पुढे नक्षीचे म्हणणे ऐकावे: गोपूर, तुळशी वृंदावन, रथ, पालखी, पाळणा, हत्ती. गवंतीच्या रेघांनी बाह्यरेषा आणि मेंथीने भरलेले अंग एकाच आकृतीत भेटले की नाव पक्के होत जाते.

पंजाबच्या फुलकारी भरतकामाशी गल्लत होण्याची भीती नेगीच्या पट्ट्यांत असते, कारण दोन्हींत मोजून घातलेला धावदोरा आहे. फुलकारीत मात्र पीळ न दिलेले चमकदार रेशीम जाड खादीवर मागच्या बाजूने भरतात. पुढे लांब, एकमेकांना चिकटलेले टाके येऊन कापड झाकले जाते आणि मागे फक्त बारीक ठिपके राहतात. नेगीत कापड टाक्यांच्या मधून दिसत राहते, आणि मागे पुढच्याची उलट प्रत उमटते: पुढे टाका तिथे मागे रिकामी जागा.

फक्त पुढचा आणि लांबून घेतलेला फोटो असेल, तर नोंद ‘कसुतीच्या नक्षीचे काम, टाका तपासलेला नाही’ अशी करावी. उलट बाजू मिळाली, रेघा दोन्हीकडे सारख्या निघाल्या आणि धागे मोजता आले, तर ‘कसुती, गवंती व मेंथी, सुती कापडावर’ असे स्पष्ट लिहावे.