लघवीचा कल्चर उपचार खरंच कधी बदलतो?

उन्हाळी लागली, लघवीला जळजळ होतेय, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटतंय आणि गेलं की थेंबभरच होतेय, ही तक्रार निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात एकदा तरी होते. अशा वेळी दोन प्रश्न पडतात: संसर्ग मूत्राशयापुरता आहे की किडनीपर्यंत गेलाय, आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, करायचा का? दुसऱ्याचं उत्तर बरंचसं पहिल्यावर अवलंबून आहे.

मूत्राशयाच्या संसर्गात जळजळ, घाई, ओटीपोटात दुखणं, कधी लघवीत थोडं रक्त असतं, पण ताप नसतो. जंतू मूत्रनलिकेतून वर चढून किडनीत पोचले की चित्र बदलतं. थंडी वाजून ताप येतो, मळमळ किंवा उलट्या होतात आणि पाठीत, शेवटच्या बरगडीखाली, बहुधा एकाच बाजूला दुखतं. तिथे डॉक्टरांनी मुठीने हलकं ठोकलं तरी कळ जाते. जळजळ मात्र किडनीच्या संसर्गात असेलच असं नाही.

तरुण, गरोदर नसलेल्या, एरवी निरोगी बाईला फक्त मूत्राशयाचा त्रास असेल आणि अंगावरून पांढरं जाणं किंवा खाज नसेल, तर लक्षणांवरूनच निदान पुरेसं पक्कं होतं. नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ५ दिवस, किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी पाण्यात विरघळवून, हे नेहमीचे उपचार. नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याने घाबरू नये. इथे कल्चर करून फारसं हाती लागत नाही. जंतू वाढायला एक दिवस आणि कोणतं औषध लागू पडतं ते तपासायला आणखी एक दिवस जातो. रिपोर्ट हातात येईपर्यंत जळजळ बहुधा कमी झालेली असते.

आता कल्चरने उपचार कसे बदलतात ते एका उदाहरणातून पाहू. समजा, छत्तिसाव्या वर्षी एका शिक्षिकेला सोमवारी उन्हाळी लागली. तिने मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन आणून घेतलं. आपल्याकडच्या ई. कोलाय जंतूंपैकी बऱ्याच जणांवर हे औषध आता चालत नाही, आणि तिलाही आराम पडला नाही. गुरुवारी थंडी वाजून ताप आला, उजवी बाजू दुखू लागली, दोनदा उलटी झाली. इथे कल्चर हवाच, आणि तोही नव्या अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. नमुना मधल्या धारेचा हवा: सुरुवातीची लघवी सोडून द्यायची, मग बाटली धरायची, आणि तासा-दोन तासांत ती लॅबला पोचवायची. उशीर होणार असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर राहिली तर जंतू बाटलीतच वाढत बसतात आणि आकडा फसवा येतो. रिपोर्टवर तीन-चार जातींचे जंतू एकत्र दिसले, तर तो बहुधा त्वचेवरचा मळ असतो.

रिपोर्टची वाट न पाहता तिला सेफ्ट्रायॅक्सोन इंजेक्शन सुरू झालं. शनिवारी रिपोर्ट आला: ई. कोलाय, एका मिलीलिटर लघवीत एक लाखावर वाढ. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर, सेफ्ट्रायॅक्सोनपुढे आर, एर्टापेनेमपुढे एस, नायट्रोफ्युरँटॉइनपुढेही एस. आर म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो. ताप अजून १०२ होता. डॉक्टरांनी इंजेक्शन बदलून एर्टापेनेम दिलं.

घरच्यांना वाटतं, नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस आहे, मग गोळ्याच का देत नाहीत? हे औषध लघवीत भरपूर साचतं, पण किडनीच्या मांसात आणि रक्तात पुरेसं राहत नाही. त्यामुळे तोच जंतू मूत्राशयात असता तर या गोळ्यांनी गेला असता, किडनीत मात्र तग धरतो. रिपोर्ट एकच असला तरी संसर्ग कुठे आहे ते ठाऊक असल्याशिवाय त्यावरून औषध निवडता येत नाही. माझ्या मते रुग्णांना आवर्जून सांगायची गोष्ट हीच आहे.

योग्य औषध मिळालं की दोन-तीन दिवसांत ताप उतरायला हवा. नाही उतरला तर सोनोग्राफी किंवा सीटी करून खडा किंवा गळू शोधतात. खड्याने वाट अडली असेल आणि वर ताप असेल, तर ती वाट तातडीने मोकळी करावी लागते, नुसत्या औषधाने भागत नाही. मधुमेह असलेल्या बाईने तर या तापात एक दिवसही घरी थांबू नये.

ताप नसला तरी काही वेळा कल्चर कामाचा ठरतो: गरोदरपण, औषध पुरं करूनही न थांबलेली जळजळ, काही आठवड्यांत परत आलेला त्रास, किंवा अलीकडेच घेतलेली अँटिबायोटिक्स. गरोदर बाईला काही लक्षण नसतानाही कल्चरमध्ये जंतू निघाले तर औषध देतात, कारण संसर्ग किडनीपर्यंत जायची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. इतर बायकांना काहीच त्रास नसताना नेहमीच्या तपासणीत जंतू निघाले, तर औषधाची गरज नसते. मूत्रमार्गाची एखादी शस्त्रक्रिया व्हायची असेल, तेवढा अपवाद. बरं वाटल्यावर ‘गेला का बघू’ म्हणून पुन्हा कल्चर करायची गरजही गरोदर बाई सोडली तर सहसा कोणाला नसते.