‘करला’ म्हणणारं मूल मागे पडत नाही

‘मुलगी आधी ‘केला’ म्हणायची, आता ‘करला’ म्हणते. आत्ताच टोकलं नाही तर चूक कायमची बसेल ना?’

नाही बसत, ताई. आधीचा ‘केला’ तिनं ऐकून जसाच्या तसा उचलला होता. मग बसला, पडला, धरला ऐकताना तिला नियम सापडला, तोच तिनं ‘कर’ला लावला. ‘करला’ तिला कुणी शिकवला नाही. मला तर ही प्रगतीच वाटते. काही काळ दोन्ही रूपं ऐकू येतील.

तान्ह्या पोळ्याला ती ‘मी मातीचा बैल करला’ म्हणाली, तर ‘बैल केला? कसा केला?’ एवढंच विचारा. तिच्याकडून वदवून घेऊ नका, बोलणंच कमी होऊ शकतं. मात्र वयाची चार वर्षं झाल्यावरही बाहेरच्यांना तिचं बोलणं कळत नसेल, तर वाचातज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या मुलीच्या मराठीच्या बाई, नागपूर