कॉर्टिसॉल टेस्टोस्टेरॉन 'चोरतं' का?

ऐरोली-घणसोलीत रात्रपाळी करणाऱ्या पस्तिशी-चाळिशीतल्या पुरुषांकडे हल्ली हार्मोनचा रिपोर्ट असतोच. त्यासोबत एक समजूतही असते, की ताणामुळे कॉर्टिसॉल वाढतं आणि ते टेस्टोस्टेरॉनचा कच्चा माल पळवून नेतं.

टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि ताणाची शास्त्रीय मांडणी 1936 ची. दोन्हींचा संबंध पुढे सैनिकी प्रशिक्षणात स्पष्ट दिसला. झोप आणि जेवण तोडून आठवडाभर राबवलेल्या तरुणांचं टेस्टोस्टेरॉन झपाट्याने कोसळलं, आणि पोटभर जेवण व झोप मिळाल्यावर काही दिवसांत सावरलं.

गोंधळ खरा झाला तो 1998 च्या सुमारास 'अ‍ॅड्रिनल फटीग', म्हणजे सततच्या ताणाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकतात, हा शब्द आल्यावर. थकलेल्या माणसाला तो लगेच पटतो. पण 2016 मध्ये 58 अभ्यास तपासले गेले, तेव्हा या निदानाला आधार सापडला नाही. 'चोरी'ची कल्पनाही अशीच. दोन्ही हार्मोन्स प्रेग्नेनोलोनपासून बनतात हे खरं, पण कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि टेस्टोस्टेरॉन बनवणारे वृषण आपापलं प्रेग्नेनोलोन आपल्याच पेशींत बनवतात. दोघांची टाकी एक नाही, मग चोरी कुठून होणार? खरा परिणाम होतो तो वरून. कॉर्टिसॉल सतत जास्त राहिलं, की मेंदूतून येणारा एलएच या हार्मोनचा इशारा मंदावतो आणि वृषणाचं काम उतरतं. फरक महत्त्वाचा, कारण 'चोरी' मानणारा पूरक गोळ्या घेतो, आणि इशारा मंदावलाय हे ज्याला कळतं तो झोपेकडे बघतो.

घणसोलीतल्या माझ्या ओळखीच्या एका 37 वर्षांच्या गृहस्थांचं उदाहरण. रात्रपाळी संपवून, न झोपता, सकाळी साडेआठला त्यांनी उपाशीपोटी रक्त दिलं. वेळ नियमाप्रमाणे होती, पण टेस्टोस्टेरॉन झोपेत चढतं, आणि झोप झालीच नव्हती. वजन कमी करायला त्यांनी जेवणही एकदाच ठेवलं होतं. रिपोर्टमध्ये 268 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि एलएच खालच्या टोकाला. इंजेक्शनचा सल्ला लगेच मिळाला होता. डॉक्टरांनी मात्र आधी दोन आठवडे दिवसपाळी, रोज सात तास झोप आणि दोन वेळचं जेवण सांगितलं, मग वेगवेगळ्या दिवशी सकाळी 10 च्या आत दोनदा तपासणी. आकडे आले 410 आणि 432.

सगळ्यांचं असं सावरत नाही. दोनदा नीट तपासूनही कमी आलं आणि एलएच वाढलेलं असलं, तर दोष वृषणात असतो. एलएच कमीच राहिलं, तर प्रोलॅक्टिन हे हार्मोन पाहावं लागतं, आणि दम्याचा पंप, त्वचेची मलमं किंवा गोळ्यांतून स्टेरॉइड जातंय का हेही विचारावं लागतं. इंजेक्शनची घाई मूल हवं असलेल्यांना महागात पडते, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की एलएच दबतं आणि शुक्राणू घटतात.

रात्रपाळी सुटणारच नसेल, तर पाळी आठवड्याला बदलू नये म्हणून आग्रह धरावा, दिवसा जाड पडदे लावून अंधारात झोपावं आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा.